नोट्सचा मेसेज आणि मनातला मेसेज

प्रश्न : "मी 24 वर्षांचा आहे, नाशिकमध्ये राहून राज्यसेवेची तयारी करतो. बॅचमधल्या 23 वर्षांच्या मैत्रिणीशी आठ महिन्यांपासून रोज व्हॉट्सॲपवर बोलणं होतं, पण विषय कायम नोट्स, टेस्ट आणि टेन्शन हेच. ती मला आवडते. मैत्री न बिघडवता हे बोलणं थोडं फ्लर्टिंगकडे कसं वळवू? पूर्वपरीक्षा अडीच महिन्यांवर आली आहे."

गेली चौदा वर्षे मी गंगापूर रोडजवळ स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींसाठी अभ्यासिका चालवते. माझे शिक्षण मानसशास्त्राचे असल्यामुळे अभ्यासाच्या तक्रारी घेऊन आलेली मुले थोड्या वेळाने मूळ विषयावर येतात, आणि तो बहुतेक वेळा हाच असतो. मुलगेही येतात आणि ज्यांना असे मेसेज आलेले असतात त्या मुलीही येतात. एकाच संभाषणाच्या दोन्ही बाजू ऐकायला मिळाल्यामुळे मला काही गोष्टी दिसल्या, त्या सांगते.

तुमची अडचण योग्य शब्द सुचत नाहीत ही नाही, असे मला वाटते. आठ महिन्यांत तुम्ही पाठवलेल्या प्रत्येक मेसेजला काहीतरी काम होते. "राज्यव्यवस्थेच्या नोट्स आहेत का", "उद्याची टेस्ट किती वाजता", "तुझा सी-सॅटचा स्कोअर किती आला". कामाच्या आडून बोलणे सोपे जाते, कारण नकाराची भीती नसते. पण त्याच कारणाने तिला कळायला मार्ग राहत नाही की तुम्ही तिच्यासाठी बोलता की नोट्ससाठी. तिची उत्तरे वाचून तुम्हालाही ते कळत नाही, कारण तिच्याही प्रत्येक उत्तराला काम आहे. तेव्हा पहिले पाऊल लाडिक वाक्य शोधण्याचे नसून, कामाचा मेसेज आणि मनातला मेसेज एकमेकांपासून वेगळे करण्याचे आहे. पुढे जे सांगते ते सगळे त्या एका गोष्टीभोवती आहे.

नोट्सची देवघेव दिसते तितकी साधी नसते. तुमच्या दोघांत देणारे कोण आणि घेणारे कोण, हे आधी प्रामाणिकपणे पाहा. देणारे तुम्ही असाल, म्हणजे तुमच्या हस्तलिखित नोट्सवर किंवा तुम्ही रोज पाठवत असलेल्या चालू घडामोडींच्या टिपणांवर तिचा अभ्यास अवलंबून असेल, तर तिला तुमच्या थट्टेकडे दुर्लक्ष करण्याची मोकळीक नाही. तुम्हाला दुखावले तर उद्या नोट्स येतील का, हा हिशोब तिच्या मनात नकळत होतो. एका मुलाने मला मोठ्या आनंदाने त्याचा मेसेज दाखवला होता : "भूगोलाची पीडीएफ पाठवतो, पण बदल्यात एक कॉफी लागेल हं." मुलीने हसणारे दोन इमोजी पाठवून "हो हो, नक्की" असे लिहिले होते. त्याने ते होकार म्हणून मोजले. तीच मुलगी काही दिवसांनी माझ्याकडे आली तेव्हा म्हणाली, "मॅडम, पीडीएफ तर हवीच होती, मग दुसरं काय लिहिणार?" ते दोन इमोजी म्हणजे तिने नोट्सची भरलेली किंमत होती.

म्हणून मी सगळ्यांना एकच नियम सांगते. नोट्स ज्या मेसेजमध्ये जातात त्यात दुसरे काहीही जाऊ नये, आणि तिने नोट्स मागितल्यानंतर पुढचा तासभर तरी थट्टेचे वाक्य लिहू नये. नोट्स मागितल्या की लगेच, पूर्ण आणि बिनशर्त द्याव्यात. असे काही आठवडे चालले म्हणजे नोट्स तुमच्या वागण्यावर टांगलेल्या नाहीत, हा विश्वास तिला येतो आणि मग तिच्या हसण्याला काही अर्थ उरतो. देणारी ती असेल तर ओझे तुमच्यावर आहे. अशा वेळी तुमचे गोड बोलणे तिला मतलबी वाटू शकते, म्हणून आधी तुमच्याकडून परतफेड व्हायला हवी. तिने इतिहास दिला असेल तर तुम्ही अंकगणिताच्या सोडवलेल्या प्रश्नपत्रिका द्याव्यात आणि मगच पुढचा विचार करावा.

आता नवीन काही लिहिण्याआधी जुने वाचा. मागच्या दोन आठवड्यांचे चॅट वर सरकवून शांतपणे पाहा, आणि त्यात एकच जागा शोधा : काम संपल्यानंतरची ओळ. शंका विचारली गेली, उत्तर मिळाले, "ओके, थँक्स" झाले. त्यानंतर कधी तिने आपणहून काही लिहिले आहे का? "जेवलास का", "आज मेसमध्ये पुन्हा तीच भाजी", "तुझ्या बहिणीचं लग्न कुठवर आलं" अशी ओळ तिच्याकडून आली असेल, तर कामाशिवायही बोलायची तिची इच्छा आहे. दोन आठवड्यांत अशी एकही ओळ नसेल आणि प्रत्येक वेळी "थँक्स"नंतर दार बंद होत असेल, तर तिच्या दृष्टीने तुम्ही अभ्यासातले चांगले सोबती आहात, आणि सध्या तेवढेच आहात. उत्तर किती मिनिटांत आले हे मात्र मोजू नका. अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलांचे फोन बॅगेत किंवा काउंटरवर असतात, काहींनी निळ्या टिक बंद केलेल्या असतात आणि काही जण चहाच्या सुट्टीत चाळीस मेसेजना एकदम उत्तरे देतात. उशिरा आलेल्या उत्तरातून मन वाचण्याचा प्रयत्न करणारी मुले रात्रभर जागी राहतात आणि त्यातून हाती काहीच लागत नाही.

यानंतरची गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण इथेच सर्वांत जास्त फसगत होते. ती म्हणजे ताण. टेस्टच्या आदल्या रात्री अकरा वाजता तुम्ही दोघे जागे असता, दोघांचेही राहिलेले असते, "मला काहीच आठवत नाहीये रे" असे ती लिहिते आणि तुम्ही तिला धीर देता. त्या अर्ध्या तासात जी जवळीक वाटते ती खरी असते, पण ती कशामुळे वाटली हे त्या क्षणी कळत नाही. डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये कॅनडातल्या कॅपिलानो नदीवरच्या हलत्या झुलत्या पुलावर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. पुलावरून येणाऱ्या पुरुषांना एका तरुणीने काही प्रश्न विचारले आणि आपला फोन नंबर दिला. दुसऱ्या एका भक्कम, बुटक्या पुलावरच्या पुरुषांपेक्षा उंच डुगडुगत्या पुलावरच्या पुरुषांपैकी जास्त जणांनी नंतर तिला फोन केला. भीतीने वाढलेली छातीची धडधड त्यांनी काही अंशी तिच्याबद्दलच्या ओढीच्या खात्यात टाकली, असा त्याचा अर्थ लावला गेला. टेस्टची आदली रात्र हा आपल्या मुलांचा झुलता पूल आहे. त्या रात्री आपल्याला जे वाटते आणि तिने जे लिहिले, त्यावर काही बांधू नये.

यात आणखी एक पदर आहे. दोन मैत्रिणी किंवा मित्र एकमेकांशी केवळ अडचणीच पुन्हापुन्हा उगाळत राहिले तर त्यांची मैत्री घट्ट असते, पण त्यांची चिंताही जास्त असते, असे अमँडा रोझ या संशोधिकेने शाळकरी मुलांच्या अभ्यासातून 2002 मध्ये दाखवले. मी मोठ्यांतही हेच पाहते. "कटऑफ किती लागेल", "जागा कमी आल्यात", "घरचे विचारतायत आणखी किती वर्षं" यावरच ज्यांचे बोलणे चालते, त्यांना एकमेकांची सवय होते, पण फोन ठेवल्यावर दोघांनाही जड वाटते. अशा मातीत फ्लर्टिंग रुजत नाही. रुजलेच तर तिच्या मनात तुमचे नाव तिच्या भीतीशी जोडले जाते, आणि परीक्षा संपून भीती गेली की तुम्हीही नकोसे होता.

म्हणून तिने घाबरून मेसेज केला तर त्या वेळी थट्टा अजिबात नको. "मला काहीच आठवत नाहीये" या वाक्याला "तुझ्यासारखी हुशार आणि सुंदर मुलगी असं बोलते?" हे उत्तर अनेक मुले देतात, आणि मुली मला सांगतात की ते वाचून एकटे वाटते, कारण आपले म्हणणे ऐकलेच गेले नाही. त्या वेळी फक्त विचारावे, "कुठला विषय? आत्ता दहा मिनिटं फोनवर उजळणी करायची की नुसतं बोलायचं आहे?" आणि ती म्हणेल ते करावे. त्या रात्रीचे श्रेय दुसऱ्या दिवशी मागू नये. तुमच्यातली ओढ खरी आहे का, हे रविवारची टेस्ट झाल्यावर कळते. संध्याकाळी पाच वाजता डोके रिकामे असते, सोमवारपर्यंत कोणाला काही विचारायचे नसते, तेव्हा तुमच्यात बोलणे होते का? होत असेल तर मेसेज पाठवायची वेळ तीच.

फ्लर्टिंग म्हणजे नेमके काय करायचे, यालाही आपल्याकडे धड शब्द नाही. "छेड काढणे" हा शब्द वेगळ्याच गोष्टीचा आहे. मला "खोडी" हा शब्द सर्वांत जवळचा वाटतो, कारण खोडी आपल्या माणसाचीच काढतात आणि ती उलटवायची सोय समोरच्याला असते. चांगल्या खोडीत दोन गोष्टी असतात. ती तुम्हा दोघांनाच माहीत असलेल्या एखाद्या खऱ्या, बारीक तपशिलावर उभी असते, आणि तिला हसून घेता येते, पुढे वाढवता येते किंवा काही न घडल्यासारखे सोडूनही देता येते. दिसण्यावरच्या कौतुकात हे नसते. "आज छान दिसत होतीस" याला उत्तर द्यायचे तर भूमिका घ्यावी लागते, आणि पहिल्याच मेसेजला भूमिका घेणे कोणालाही अवघड जाते.

हे कसे घडते ते एका जोडीवरून सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. मुलगा सिन्नर तालुक्यातल्या गावचा, पंचवीस वर्षांचा, आणि मुलगी सटाण्याची, चोवीस वर्षांची. दोघे एकाच बॅचमध्ये होते आणि एकाच अभ्यासिकेत बसत. त्याला 73 वी आणि 74 वी घटनादुरुस्ती कायम उलटसुलट व्हायची. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत 29 विषय आणि नगरपालिकांच्या बाराव्या अनुसूचीत 18, हे तो टेस्टमध्ये हमखास चुकवायचा. तिने एकदा त्याच्या वहीच्या समासात लिहून दिले होते, "गावाला 29, शहराला 18. गावाचं मन मोठं." तो गावचा म्हणून तिने ते तसे लिहिले होते आणि शेजारी एक छोटे कौलारू घर काढले होते. हे तीन-चार महिन्यांपूर्वीचे.

तो माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या फोनमध्ये एक मेसेज लिहून तयार होता : "तू माझ्या आयुष्यात आल्यापासून अभ्यास करावासा वाटतो." मी त्याला तो पाठवू दिला नाही. वाक्य खोटे नव्हते, पण त्याचे वजन फार होते. तिने त्यावर काहीही लिहिले असते तरी ते एकतर होकार ठरले असते किंवा नकार. मी त्याला विचारले की तिची कोणती गोष्ट तुला आपोआप आठवते. त्याने वही काढून ते घर दाखवले. त्या रविवारच्या टेस्टमध्ये योगायोगाने तोच प्रश्न आला, आणि संध्याकाळी त्याने लिहिले, "आज 18 आणि 29 चा प्रश्न होता. पर्याय वाचायच्या आधी तुझं अक्षर दिसलं."

एवढेच. हे वाक्य खरे होते, अभ्यासाला धरून होते, पण त्याला काम नव्हते. त्याला काही विचारायचे नव्हते आणि काही मागायचेही नव्हते. तिला "अरे वा, बरोबर आलं ना?" असे लिहून ते साधेपणाने सोडून देता आले असते. तिने लिहिले, "मग त्या प्रश्नाचे अर्धे गुण माझे. आणि घर? ते दिसलं की नाही?" यातला दुसरा प्रश्न महत्त्वाचा. तिने खोडी नुसती स्वीकारली नाही, तर स्वतःहून एक पाऊल पुढे नेली, आणि घराची आठवण तिलाही आहे हे सांगितले. त्याने उत्तर दिले, "घर दिसलं, पण त्याला दार काढायचं राहिलंय तुझ्याकडून." ती म्हणाली, "उद्या वही आण." आणि त्याने तिथे संभाषण थांबवले. त्याला त्याच रात्री सगळे बोलून टाकायचे होते, पण मी आधीच बजावले होते की तिने एक पाऊल टाकले की तुझे पुढचे पाऊल दुसऱ्या दिवशी. रात्री सलग वाढत गेलेली थट्टा सकाळी दोघांनाही संकोचात टाकते, आणि सकाळी सात वाजता अभ्यासिकेत तुम्हाला एकमेकांसमोर बसायचे असते.

दुसरा टप्पा म्हणजे अभ्यासाचा आधारच न घेता पाठवलेला मेसेज. बहुतेक मुले इथे अडखळतात, कारण काम नसताना मेसेज का केला याचे उत्तर त्यांच्याकडे नसते. त्याचे उत्तर "तुला सांगावेसे वाटले" हेच असते, आणि ते तसे सरळ लिहावे. पावसाळ्याचे दिवस होते, गंगापूर धरणातून पाणी सोडले होते. तो होळकर पुलावरून येत होता. त्याने लिहिले, "पुलावर थांबलोय. दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी आलंय. यात अभ्यासाचं काही नाही, तुला सांगावंसं वाटलं." नाशिककरांना गोदेचा पूर दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजायची सवय आहे, पण ती सटाण्याची, तिला हे नवीन होते. तिने फोटो मागवला, मग विचारले की पाणी मारुतीच्या डोक्यावरून कधी जाते का, आणि मग लिहिले, "दोन वर्षं झाली नाशकात, रूम आणि अभ्यासिका सोडून काही पाहिलंच नाही." त्याने लगेच "मी दाखवतो, चल" असे म्हटले नाही. त्याने लिहिले, "पाणी ओसरल्यावर घाट पाहण्यासारखा असतो. यावंसं वाटलं तर सांग." तीन दिवसांनी तिने सांगितले, आणि येताना खोलीतल्या मैत्रिणीला सोबत आणले.

त्या संध्याकाळी तो हिरमुसून माझ्याकडे आला. मी त्याला म्हटले की मैत्रीण सोबत आणणे हा नकार नसतो. लहान गावातून आलेली मुलगी घाटावर एका मुलासोबत एकटी दिसली तर ते सटाण्यापर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही, आणि तिला यायचेही आहे व जपायचेही आहे. तिने यायचे ठरवले, हे पाहावे. मैत्रिणीशीही नीट बोलावे, कारण परत गेल्यावर त्या दोघी तुमच्याविषयीच बोलणार असतात.

नकार कसा ओळखावा, हे तितकेच स्पष्ट सांगायला हवे. आपल्याकडे मुली सहसा "नाही" असा शब्द वापरत नाहीत, कारण तो वापरल्यावर काय होईल याची त्यांना खात्री नसते. त्या खोडीला "हाहा" लिहून पुढच्याच ओळीत टेस्टचा विषय काढतात. खाजगी मेसेजचे उत्तर बॅचच्या ग्रुपवर देतात. एकदम "दादा" म्हणू लागतात. अभ्यासिकेतली जागा बदलतात. अशी एखादी गोष्ट एकदा घडली तर ती योगायोग असू शकते, पण दोनदा तुम्ही कामाशिवायचा मेसेज केला आणि दोन्ही वेळा ती कामाकडे परतली, तर तिने उत्तर दिलेले आहे. तिथे थांबावे, आणि नोट्स पूर्वीप्रमाणेच देत राहाव्यात. "आत्ता फक्त अभ्यास करायचा आहे" या वाक्याचा अर्थ "परीक्षेनंतर हो" असा लावू नका. तो अर्थ तिने दिलेला नाही. परीक्षेनंतर तिला वाटले तर ती बोलेल.

याचे दुसरे टोकही मी पाहिले आहे. एका मुलीने माझ्या अभ्यासिकेत येणे अचानक बंद केले. तिच्या घरी फोन केला तेव्हा कळले की बॅचमधला एक मुलगा तिला रोज रात्री आधी नोट्स आणि मग "झोपलीस का", "रागावलीस का", "निदान उत्तर तरी दे" असे मेसेज पाठवत होता. तिने उत्तरे देणे थांबवल्यावर त्याने मैत्रिणींकडून चौकशी सुरू केली. त्याला मी बोलावले तर तो खरोखर गोंधळलेला होता. त्याच्या मते तो काळजी करत होता. तिने बॅच बदलली, फी बुडाली आणि पूर्वपरीक्षेआधीचा सगळा महिना वाया गेला. तुम्ही कायद्याचा अभ्यास करता म्हणून सांगते : स्त्रीने अनिच्छा स्पष्ट दाखवल्यावरही पुन्हापुन्हा संपर्क साधत राहणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 नुसार पाठलागाचा गुन्हा आहे. पण प्रकरण तिथवर जाण्याच्या कितीतरी आधी एका मुलीचे वर्ष गेलेले असते, आणि ते मला जास्त लागते.

आता तुमच्या अडीच महिन्यांविषयी. इथे मी ठाम उत्तर देऊ शकत नाही, कारण ते तिच्या आणि तुमच्या स्वभावावर अवलंबून आहे. काहींना हलकी खोडी दिवसभराच्या वाचनात श्वास घ्यायला जागा देते, आणि काहींचे एका न आलेल्या उत्तराने दोन दिवस पान उलटत नाही. तुम्ही दुसऱ्या प्रकारचे असाल तर परीक्षेपर्यंत थांबा. पहिल्या प्रकारचे असाल तर आतापासून पुढचे पाच-सहा आठवडे वर सांगितल्याप्रमाणे सावकाश पुढे जायला हरकत नाही. शेवटच्या महिन्यात मात्र तिच्यासमोर असा कोणताही प्रश्न ठेवू नका ज्याचे उत्तर देण्यासाठी तिला विचार करत बसावे लागेल. उत्तरतालिका येण्याचा आणि निकालाचा दिवसही टाळावा. पास झालेल्याचा उत्साह आणि नापास झालेल्याची पोकळी, दोन्हीही झुलत्या पुलाचेच प्रकार आहेत.

सिन्नरच्या मुलाने पूर्वपरीक्षेनंतर आठवडाभर जाऊ दिला. तोवर तिच्याकडून घेतलेल्या सगळ्या वह्या त्याने झेरॉक्स करून परत केल्या होत्या आणि मुख्य परीक्षेची स्वतःची टिपणे तिला देऊन टाकली होती. मग त्याने लिहिले, "एक गोष्ट सांगायची आहे, उत्तर आज नको. तू मला मैत्रिणीपेक्षा जास्त आवडतेस. तुझं उत्तर काहीही असलं तरी टिपणं, टेस्ट आणि आपली बसायची जागा आहे तशीच राहील. तुला वाटेल तेव्हा बोल, नाही वाटलं तर मी पुन्हा विचारणार नाही." यातले शेवटचे वाक्य लिहायला त्याला सर्वांत जड गेले. पण ते नसते तर आधीच्या सगळ्याला तिने दडपण म्हणूनच घेतले असते. तिने त्या दिवशी फक्त "वाचलं" असे लिहिले. पुढचे चार दिवस त्याने एकही मेसेज केला नाही, अभ्यासिकेत नेहमीसारखी मान हलवली आणि आपल्या जागी जाऊन बसला. पाचव्या दिवशी त्याच्या वहीत समासातल्या त्या घराला दार काढलेले होते. घरी स्थळे बघायला सुरुवात झाली आहे आणि त्याविषयी आधी बोलावे लागेल, हे तिने त्याच संध्याकाळी त्याला सांगितले, आणि ते बोलणे त्यांनी मेसेजवर न करता समोरासमोर बसून केले.

तुम्ही आज काहीच पाठवू नका. आज रात्री चॅट वाचा आणि "थँक्स"नंतरची ओळ शोधा. ती सापडली तर या रविवारी टेस्टनंतर, तिच्याविषयीचा तुम्हाला आपोआप आठवणारा एखादा बारीक तपशील घेऊन एक वाक्य लिहा, ज्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह नसेल. ओळ सापडली नाही तर आधी तीन आठवडे नोट्स बिनशर्त द्या, रविवारी तिला अभ्यासाबाहेरचे एखादे साधे बोलणे बोलून पाहा, आणि मग पुन्हा वाचा.